पस्तिसावरचा उंच स्तंभ

दहावीच्या गणितात आयतालेख काढायला सांगतात तेव्हा वर्ग बहुधा आधीच पाडून दिलेले असतात: 0 ते 10, 10 ते 20 आणि पुढे तसेच. मुलांनी प्रमाण ठरवायचे, पट्टी धरायची आणि आयत उभे करायचे. वर्ग केवढा घ्यायचा आणि कुठून सुरू करायचा, हे मात्र प्रश्न काढणाऱ्याने ठरवून टाकलेले असते. परीक्षेचे गुण तपासायला घेतले की हाच निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो. गुण तेच ठेवून नुसते वर्ग बदलले, तर एका चित्रात निकाल अगदी निर्मळ दिसतो आणि दुसऱ्यात त्यात कोणाचा तरी हात लागल्याचे दिसते.

हे समजण्यासाठी एक उदाहरण रचू. एका शाळेतल्या 200 मुलांनी 100 गुणांचा पेपर दिला आणि उत्तीर्ण होण्यासाठी 35 गुण हवेत असे धरू. दहा-दहा गुणांचे वर्ग केले. 0 ते 9 मध्ये 1 मूल आले, 10 ते 19 मध्ये 4, 20 ते 29 मध्ये 10, 30 ते 39 मध्ये 29. चाळिशीत 45, पन्नाशीत 46, साठीत 38, सत्तरीत 18, ऐंशीत 7 आणि नव्वदीच्या पुढे 2. सरासरी साधारण 52 येते. गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन साधारण 16 येते.

आता या आयतांवर घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र चढवायचा. परीक्षेच्या गुणांना हा वक्र लावण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 1888 मध्येच परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे गुण देतात, आणि तो फरक मोजमापातल्या चुकांसारखाच वागतो, असा त्याचा विचार होता. आपल्याला वक्र हवा आहे तो तुलनेसाठी: सरासरी 52 आणि पसारा 16 असताना गुण सहज, सुरळीत पसरले असते तर प्रत्येक वर्गात किती मुले आली असती, एवढेच तो सांगतो.

पहिल्यांदा वक्र काढणाऱ्याचा हात हमखास इथे अडतो. सूत्रातून येणारा वक्र आयतांच्या पायथ्याशी सपाट रेषेसारखा पडून राहतो, कारण त्याखालचे एकूण क्षेत्रफळ 1 असते. आपल्या आयतांचे क्षेत्रफळ म्हणजे मुलांची संख्या गुणिले वर्गाची रुंदी, इथे 200 गुणिले 10. वक्राची प्रत्येक उंची तेवढ्याने गुणली की दोन्ही एका मापावर येतात. संगणकाच्या तक्त्यात हे एका ओळीत होते. 30 ते 39 या वर्गाचा मध्य 34.5, म्हणून:

```
=200*10*NORM.DIST(34.5, 52, 16, FALSE)
```

उत्तर साधारण 27 येते. प्रत्यक्षात त्या वर्गात 29 मुले आहेत. चाळिशीच्या वर्गात वक्र 44 सांगतो, आहेत 45. पन्नाशीत सांगतो 48 ते 49, आहेत 46. किती फरक योगायोगाने पडू शकतो याचा ढोबळ अंदाज अपेक्षित संख्येच्या वर्गमुळावरून येतो. 44 चे वर्गमूळ साडेसहाच्या आसपास आहे, म्हणजे सहा-सात मुले इकडेतिकडे झाली तरी त्यात विशेष काही नाही. आपले सगळे आयत या मर्यादेत बसतात. मुख्याध्यापकांपुढे हे चित्र ठेवले तर ते समाधानाने मान डोलावतील.

आता 30 ते 39 हा एकच आयत उघडून पाहू. त्यातल्या 29 मुलांचे गुण असे आहेत: 30 गुणांवर 2 मुले, 31 वर 2, 32 वर 1, 33 वर एकही नाही, 34 वर एकही नाही, 35 वर 12, 36 वर 3, 37 वर 2, 38 वर 3 आणि 39 वर 4.

एका गुणाच्या रुंदीवर वक्र 35 पाशी तीनहूनही कमी मुले सांगतो. वर्गमुळाच्या हिशेबाने पाच-सहापर्यंत आश्चर्य नव्हते. बारा मात्र योगायोगात बसत नाहीत. 33 वरची रिकामी जागा एकटी असती तर दुर्लक्ष करता आले असते. इतके अरुंद वर्ग घेतले की अपेक्षा दोन-अडीच मुलांची असते आणि एखादा आयत रिकामा राहतोच. पण 33 आणि 34 दोन्ही रिकामे आणि लगेच शेजारी बारांचा उंच स्तंभ, हे एकत्र दिसते तेव्हा कोणीतरी 33 आणि 34 वाल्यांना उचलून 35 वर ठेवले आहे, असाच त्याचा सरळ अर्थ होतो. दहाच्या वर्गात खड्डा आणि उंचवटा एकाच आयतात सामावले आणि एकमेकांना भरून निघाले.

यात दहाचे वर्ग करणाऱ्याने काही चुकीचे केले नव्हते, आणि मला हा भाग सर्वांत लक्षात घेण्याजोगा वाटतो. वर्ग किती करावेत यासाठी पुस्तकांत ठरलेले नियम आहेत. स्टर्जेसचा 1926 चा नियम 200 मुलांसाठी साधारण नऊ वर्ग सांगतो. स्कॉटचा 1979 चा नियम पसारा आणि संख्या पाहून रुंदी देतो. आपल्या उदाहरणात ती साडेनऊच्या आसपास येते. दोन्ही नियम आपल्याला दहाच्या वर्गाकडेच नेतात. कारण दोन्हींच्या मुळाशी गृहीत असे आहे की माहिती घंटेच्या आकाराचीच आहे आणि तो आकार नितळ दिसावा. तिथे एखाद्या गुणावर कोणी हात ठेवला आहे का, हे शोधणे त्यांचे कामच नाही. गुणांच्या बाबतीत आपल्याला एक गोष्ट आधीच माहीत असते: 35 ही रेषा आहे. मग वर्गाची सीमा त्या रेषेवरच पडली पाहिजे.

पाचचे वर्ग घेतले तर? 30 ते 34 आणि 35 ते 39 असे केले की पहिल्यात 5 मुले येतात आणि वक्र साडेअकरा सांगतो. दुसऱ्यात 24 येतात आणि वक्र 16 सांगतो. रेषेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा उघड दिसतो. पण एक्सेलमध्ये हेच काम FREQUENCY वापरून, सीमा 30, 35, 40 देऊन केले, तर वेगळेच होते. शाळेत आपण वरची मर्यादा पुढच्या वर्गात धरतो, म्हणजे 35 गुण 35–40 या वर्गात जातात. FREQUENCY उलटे करते: सीमेवरची संख्या ती खालच्या वर्गात टाकते. मग 31 ते 35 असा वर्ग तयार होतो, त्यात 15 मुले येतात आणि वक्राची अपेक्षा असते बाराच्या थोडी वर. फरक तीनाचाही नाही. रुंदी पाचच, मुले तीच, आणि उंच स्तंभ पुन्हा गडप. सीमा 29, 34, 39 अशा दिल्या की तो परत दिसतो. म्हणून कुठलाही तयार आलेख समोर आला की 35 वाली मुले नेमकी कोणत्या आयतात मोजली आहेत, हे मी आधी पाहते.

रचलेल्या आकड्यांपुरतीच ही गोष्ट असती तर इतके लिहिले नसते. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेला मातुरा म्हणतात. तिथले केंद्रीय परीक्षा मंडळ प्रत्येक गुणाला एक स्तंभ असा आलेख प्रसिद्ध करत आले आहे. पोलिश भाषेच्या प्राथमिक स्तरावरच्या 70 गुणांच्या पेपरात उत्तीर्ण होण्यासाठी 30 टक्के, म्हणजे 21 गुण लागत. 2013 च्या आलेखात 21 च्या लगेच अलीकडचे स्तंभ अचानक खुजे होतात आणि 21 वर स्तंभ एकदम उंच उठतो. बाकी आलेख घंटेच्या आकाराचा आहे. भाषेच्या पेपरात निबंधाला गुण देताना परीक्षकाला थोडी मोकळीक असते, आणि 20 वर थांबलेल्या मुलाकडे पाहून ती मोकळीक कुठे वापरली जाते ते त्या एका उडीत दिसते.

न्यूयॉर्क राज्यातल्या रीजंट्स परीक्षांत उत्तीर्णतेची रेषा 65 ची. तिथेही रेषेला लागून असाच ढीग दिसत होता. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रेषेच्या अगदी जवळच्या गुणांपैकी सुमारे 40 टक्के गुण वर ढकललेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या पद्धतीतला एक धडा आपल्या आलेखालाही लागू आहे. त्यांनी तुलनेसाठी घंटेचा वक्र घेतला नाही. रेषेजवळचे गुण बाजूला ठेवले, उरलेल्या गुणांतून एक सुरळीत वक्र बसवला आणि तो रेषेपाशी काय उंची सांगतो ते पाहिले.

असे करण्याला कारण आहे. घंटेचा वक्र म्हणजे गुणांनी पाळायचा कायदा नाही. सोपा पेपर घ्या, सरासरी 85 आणि प्रमाण विचलन 12. घंटेचा वक्र इथे दहातल्या एका मुलाला 100 च्या वर गुण देऊन बसतो, जे होऊच शकत नाही. प्रत्यक्षात गुण 100 च्या भिंतीशी दाटतात आणि डावीकडे लांब शेपूट उरते. एका तुकडीची तयारी चांगली झाली आणि दुसरीला वर्षभर शिक्षकच नव्हते, तर दोन टेकड्या दिसतील. या दोन्ही चित्रांत वक्र जुळत नाही, पण कोणी गुण फिरवले असा त्याचा अर्थ नाही. अशी तफावत पाच-सहा आयतांवर हळूहळू पसरलेली असते. हात लागल्याची खूण एका गुणावर तुटक पडते आणि ती बरोबर उत्तीर्णतेच्या रेषेवर असते.

न्यूयॉर्कमध्ये त्या काळात मुलांचे पेपर त्यांच्याच शाळेतले शिक्षक तपासत असत. 60 ते 64 गुण मिळालेले गणित आणि विज्ञानाचे पेपर पुन्हा तपासण्याचा नियमही होता. 2011 मध्ये तो नियम काढला गेला. पुढे न्यूयॉर्क शहरात उत्तरपत्रिका मुलाच्या शाळेबाहेर, केंद्रीय पद्धतीने तपासल्या जाऊ लागल्या, आणि आलेखातला 65 वरचा ढीग नाहीसा झाला.

आपल्या 200 मुलांच्या आलेखात आता एवढेच मोजता येते की 35 वर अपेक्षेपेक्षा साधारण नऊ मुले जास्त आहेत आणि 30 ते 34 मध्ये सहा-सात कमी. उरलेली दोन-तीन योगायोगाचीही असतील. उचललेली मुले सहा-सात तरी असावीत. पण त्या बारांपैकी ती कोणती आणि कोणी स्वतःच्या बळावर 35 मिळवले, हे कोणताही वर्ग आणि कोणताही वक्र सांगू शकत नाही. त्यासाठी त्या बारा उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून काढून, कुठे एकदा दिलेला गुण खोडून दुसरा लिहिला आहे आणि बेरीज जुळते का, ते पानागणिक पाहावे लागेल.