नेत्र विभागातलं सर्वांत मोठं अक्षर

काकूंना घेऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो होतो. केस पेपर निघाला, डॉक्टरांनी तपासलं आणि रक्त तपासून आणायला सांगितलं. लांबलचक बोळात दूरवर लाल थेंबाचं चित्र दिसलं, त्याखाली ‘रक्त...’ असं काहीतरी. आम्ही जाऊन रांगेत उभे राहिलो. पाऊण तासाने खिडकीशी पोचल्यावर आतल्या ताई म्हणाल्या, “काकू, ही रक्तपेढी. तपासायचं तिकडं, जिन्याखालून डावीकडं.” जिन्याखालून गेलो. तिथे ‘रक्त तपासणी’ अशी पाटी होती, आणि शेजारी तोच लाल थेंब.

काकूंना वाटलं आपलंच चुकलं. चूक त्यांची नव्हती. त्या दिवसापासून मी रुग्णालयांतल्या पाट्या पाहत आलो आहे, आणि पाटीवरचं अक्षर किती मोठं हवं याचं उत्तर त्याच इमारतीत नेत्र विभागाच्या भिंतीवर टांगलेलं असतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

डोळे तपासायचा तो तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. त्यामागचा हिशोब सुरेख आहे. निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारं अक्षर डोळ्याशी पाच कला एवढा कोन करतं. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्या अक्षराची रेघ आणि रेघांमधली फट मात्र एकेक कलेचीच असते. अंतर दुप्पट झालं की अक्षरही दुप्पट हवं. दहा मीटरवर ते साधारण साडेचौदा मिलिमीटर उंच लागतं, वीस मीटरवर २९.

पण रुग्णालयात येणाऱ्या सगळ्यांची नजर निरोगी नसते. मोतीबिंदू सुरू झालेल्या आजोबांची नजर ६/१८ असेल, तर निरोगी माणूस जे १८ मीटरवरून वाचतो ते त्यांना ६ मीटरवरून वाचावं लागतं. त्यांच्यासाठी सगळं तिप्पट. म्हणजे वीस मीटर लांबीच्या बोळाच्या टोकाला लावलेल्या पाटीवर २९ गुणिले तीन, ८७ मिलिमीटरचं अक्षर. आता सहा मीटरवरून वाचायच्या तक्त्यातलं सगळ्यांत वरचं, ६/६०चं एकटं थोराड अक्षर मोजा. तेही ८७ मिलिमीटरच भरतं! आजोबांना बोळाच्या या टोकावरून वाचता यावं म्हणून पाटीवर जे अक्षर हवं, ते नेत्र विभागातलं सर्वांत मोठं अक्षर आहे.

त्यातही हा हिशोब रोमन मोठ्या अक्षरांचा झाला. त्यांची उंची एका मापाची असते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत जागा मोजली, तर शिरोरेषेखालचं मूळ अक्षर तिच्या निम्म्याहून थोडंच जास्त असतं. पाटी करणाऱ्याला ‘१०० मिलिमीटरची अक्षरं करा’ एवढंच सांगितलं, तर तो बहुधा वेलांटीसकट मोजतो आणि प्रत्यक्ष अक्षर पंचावन्नच्या आसपास येतं. शिवाय आपल्या अक्षरांचा वेगळेपणा बारीकशा खुणेत असतो. ‘व’च्या पोटात एक तिरकी रेघ आली की ‘ब’ होतो, ‘प’च्या पोटात आली की ‘ष’. ती रेघ दुरून दिसेनाशी झाली की शब्द अंदाजाने वाचावा लागतो. म्हणून मराठी पाटीचं माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत सांगायला हवं, आणि तेही हिशोबाने येतं त्याहून थोडं सढळ. हिशोबातलं माप जेमतेम वाचण्याचं असतं, घाबऱ्या माणसाने चालता चालता वाचण्याचं नसतं.

एवढी मोठी अक्षरं आणि त्यांच्या वेलांट्या-उकारांची जागा धरली, तर ‘अस्थिव्यंगोपचार विभाग’ लिहायला भिंत पुरायची नाही. इथे चित्र कामाला येतं. वीस मीटरवरून आजोबांना साडेसतरा मिलिमीटरची रेघ ओळखता येते, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीची. २० सेंटिमीटरच्या चौकोनात अशा जाड रेघांनी एक हाड, एक कान, एक दात सहज काढता येतो. शब्दातल्या सात-आठ अक्षरांना प्रत्येकी जेवढी जागा लागली असती, त्याहून थोड्याच जास्त जागेत अख्खा विभाग सांगून होतो. मग माणूस चित्राच्या रोखाने चालू लागतो आणि सात मीटरवर आला की त्याला ३१ मिलिमीटरचं अक्षर पुरतं. चित्राने बोलावलं, शब्दाने खात्री केली. दोघांची कामं वेगळी, अंतरंही वेगळी. म्हणूनच दोन्ही लागतात.

चित्र मात्र एकटं सोडलं की फसवतं. हृदय, दात, डोळा कुणीही ओळखतं. पण मूत्रपिंड काढलं तर राजमा वाटतो, आणि पोटावर सोनोग्राफीचं यंत्र दाखवलं तर लोक बाळंतपणाचा विभाग समजतात. अमेरिकेत ‘आब्लामोस हुंतोस’ नावाच्या प्रकल्पाने २००५ साली रुग्णालयांसाठी २८ चिन्हांचा संच तयार केला. स्पॅनिशमध्ये त्या नावाचा अर्थ ‘आम्ही एकत्र बोलतो’. इंग्रजी न येणाऱ्या रुग्णांसाठी हा खटाटोप होता, आणि चिन्हं वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना दाखवून, त्यांना काय समजतं ते विचारून निवडली गेली. चित्रकाराला आवडलं म्हणून ते चिन्ह चालेल, असं धरून चालत नाही.

आता आमच्या रक्ताच्या थेंबाकडे परत येऊ. दुरून दोन्हीकडे तोच थेंब, जवळून दोन्हीकडे पहिला शब्द ‘रक्त’. रक्तपेढीला नळी लावलेली रक्ताची पिशवी दाखवावी आणि तपासणीला काचेची परीक्षानळी. एक आकार रुंद, दुसरा उभा नि निमुळता, म्हणजे रंग न दिसताही वेगळे कळतात. शब्दासाठी कोश उघडायची गरज नाही. लोक विचारतात, “मावशी, रक्त-लघवी कुठं तपासतात?” पाटीवर तेच यावं: ‘रक्त-लघवी तपासणी’. पहिला शब्द तोच असला तरी पुढची जोडी लगेच वेगळी दिसते, आणि माणसाने तोंडाने विचारलेला शब्द त्याला डोळ्यांनी सापडतो. याच न्यायाने ‘बाह्यरुग्ण विभाग’ याच्याबरोबर ‘ओपीडी’ हवं, आणि ‘अस्थिव्यंगोपचार’ याच्याबरोबर, खरं तर त्याच्या आधी, ‘हाडांचा विभाग’. शासकीय नाव लहान अक्षरांत खाली राहू द्यावं, कारण चिठ्ठीवर तेही असू शकतं.

अशा मापाच्या फलकावर चार-पाच विभागच मावतात. मला ती अडचण वाटत नाही. बोळ जिथे फुटतो तिथे त्या वळणावर लागणारे विभागच सांगायचे असतात. तीस नावांची यादी केस पेपरच्या खिडकीशी शोभते, कारण तिथे माणूस जवळ उभा असतो आणि त्याला वेळही असतो. बोळात तो दोन पावलांत ठरवतो आणि वळतो.

पाट्या करून घेणाऱ्या प्रत्येक अधिष्ठात्याला आणि विश्वस्ताला माझी विनंती आहे. पत्र्यावर रंग चढण्याआधी तीच पाटी खऱ्या मापात कागदावर छापा आणि तिच्या जागी चिकटवा. वीस मीटरवर एखाद्या आजोबांना उभं करा, आणि रक्त तपासायला कुठे जाल, एवढंच विचारा.