खिशातल्या रेडिओची खरखर

कारंजा लाडला अकोल्याचे आकाशवाणी केंद्र ५० किलोमीटरांहून दूर असल्याने, इअरफोनची तार हाच ज्याचा एरियल, असा खिशातला रेडिओ तार न खोचता लावला, तर एफएमवर नुसती खरखर ऐकू येणे स्वाभाविकच होय. या लहरी सुमारे ३ मीटर लांबीच्या. त्यांच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पाऊण मीटर तार, गुंडाळून न ठेवता खिडकीपाशी सरळ सोडावी.

तार हलविताच खरखर बदलली, तर दोष एरियलचा. आरंभी स्पष्ट असलेला आवाज काही मिनिटांत क्षीण झाला, तर सेलांचा, आणि दीड व्होल्टचा सेल रेडिओ चालू असता १.१ व्होल्टपर्यंत उतरला, तर तो बदलावा. केवळ आवाजाची चकती फिरवतानाच करकर उमटली, तर आतील धूळ जबाबदार समजून, सेल काढून, चकती टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावी.