सातबारा खरा, पण जमीन कोणती?

समजा, तीन भावांच्या सामाईक गटातली एक एकर जमीन एका शेतकऱ्याला विकत घ्यायची आहे. विकणारा मोबाइलवर डिजिटल सातबारा पाठवतो. त्यावर क्यूआर कोड आहे, पडताळणी क्रमांकही आहे. असा उतारा 'महाभूमी'च्या पोर्टलवर पैसे भरून कुणालाही काढता येतो. तरी समोरच्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नये. तो क्रमांक पोर्टलवर स्वतः टाकावा आणि उघडलेला उतारा हातातल्याशी ओळ न् ओळ ताडून पाहावा. फुकट दिसणारा, विनास्वाक्षरीचा सातबारा फक्त माहितीसाठी असतो.

स्वाक्षरी जुळली म्हणजे सरकारदरबारची नोंद तशीच आहे, एवढेच कळते. आपल्या उदाहरणात गटाचे क्षेत्र १ हेक्टर २० आर, म्हणजे साधारण तीन एकर, आणि नावे तिघांची. विकणारा म्हणतो, "रस्त्याकडेची एक एकर माझी." पण हिश्शाचे वाटप आणि मोजणी झाली नसेल, तर रस्त्याकडेचा तुकडा कुणाचा हे सातबारा सांगूच शकत नाही. त्यात क्षेत्र असते, जागा नसते. म्हणून वाटपाचा फेरफार आणि पोटहिश्शाचा नकाशा मागावा. तो नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्द कायम करून घ्यावी, किंवा तिन्ही भावांच्या सह्या घ्याव्यात.

दुसरी फट वेळेची आहे. दस्त नोंदला गेला की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून महसूल खात्याकडे जाते. मग नोटिसा निघतात, हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. तोवर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव दिसते. त्यामुळे उताऱ्यावरचा 'प्रलंबित फेरफार' हा रकाना पाहावा, 'आपली चावडी'वर त्या गावच्या नोटिसा वाचाव्यात आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये दस्त शोधावेत. तिथे गटक्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असेल तर दस्त हाती लागत नाही, म्हणून मालकाच्या नावानेही शोधावे.

भाडेकरारासारखे काही दस्त आता घरबसल्या नोंदवता येतात. पण दस्त ऑनलाइन नोंदवा की कार्यालयात जाऊन, दुय्यम निबंधक मुख्यत्वे ओळख, मुद्रांक शुल्क आणि कागदांची पूर्तता तपासतो. विकणाऱ्याला ती जमीन विकण्याचा हक्क आहे की नाही, याची चौकशी तो करत नाही. ते काम घेणाऱ्याच्या वकिलाचे.

उरलेले सगळे बांधावर जाऊनच कळते. प्रत्यक्ष कोण कसतो, विहिरीत कुणाचा वाटा आहे, जायला वाट आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर चालले आहे, हे विचारावे. बाकीच्या दोन भावांना समक्ष भेटून "हा व्यवहार तुम्हाला माहीत आहे का?" असा सरळ प्रश्न करावा. नोंद न झालेली इसारपावती बहुधा अशा गप्पांतच बाहेर येते. एवढे झाल्याशिवाय इसार देऊ नये.