सहा-आठच्या ओळींतला चहा

इथे सॅन होजेमध्ये माझ्या टीममधली एक सहकारी मूळची हनोईची. आईला फोनवर ऐकवायला तिने चार ओळी रचल्या आणि जेवणाच्या सुट्टीत मला त्यांची जुळणी समजावून सांगितली. ह्या छंदाचं नाव 'लुक बात', म्हणजे सहा-आठ. एक ओळ सहा अक्षरांची, पुढची आठ. न्गुएन झू यांचं 'किऊची कथा' हे ३२५४ ओळींचं काव्य सगळं ह्याच छंदात आहे. तिच्या ओळी अशा:

च्येउ नय मुअ सुओंग दय सन
कॉन ङोय न्य मे, न्य गन न्य सा
नुओक सोय फा मोत अम चा
झोत हाय चेन न्यॉ, ङ ला मे दय

अर्थ साधा: संध्याकाळी पावसाने अंगण भरलं. लेक आईच्या आठवणीत बसलीय, जवळचं आठवतं, दूरचं आठवतं. पाणी उकळलं, चहा केला. दोन छोटे कप ओतले, वाटलं आई इथेच आहे.

आता यमक बघा. आपल्याला ते ओळीच्या शेवटी शोधायची सवय. इथे पहिल्या ओळीचं शेवटचं 'सन' (अंगण) दुसरीच्या सहाव्या अक्षराशी, 'गन'शी (जवळ) जुळतं. दुसरी ओळ 'सा'वर (दूर) संपते. त्याला तिसरीच्या शेवटी 'चा' उत्तर देतो. हो, चहाच! आणि 'चा'चं यमक चौथीच्या सहाव्या अक्षरात, 'ला'मध्ये. प्रत्येक ओळ पुढचीच्या हातात हात देते.

पण खरी कसोटी सुरांची. व्हिएतनामीत सहा सूर. एक सपाट आणि एक हळूच खाली उतरणारा, हे दोन 'सम'. उरलेले चार 'विषम'. दुसरं अक्षर सम, चौथं विषम, सहावं आणि आठवं पुन्हा सम. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्याला मोकळीक. शिवाय आठ अक्षरी ओळीत सहावं आणि आठवं दोन्ही सम असले तरी सूर एकच नको: एक सपाट तर दुसरा उतरता.

शेवटी तिला 'आई इथे बसलीय' म्हणायचं होतं. 'बसणे' म्हणजे 'ङोय'. अक्षरं आठच राहतात, अर्थही जास्त जिवंत होतो. पण 'ला' उतरता आणि 'ङोय'ही उतरता. कागदावर चुकीचं काही वाटत नाही, मोठ्याने म्हटलं की शेवट खाली बसतो. ऐकणारी आई ह्याच छंदातली अंगाईगीतं गात आली, तिच्या कानाला ते लगेच खटकलं असतं. म्हणून 'ङोय' गेला आणि सपाट सुराचा 'दय' आला. 'दय' म्हणजे 'इथे'. आईचं बसणं गेलं, असणं राहिलं.

कविता इथे थांबू शकते. पुढे न्यायची असेल तर पाचव्या, सहा अक्षरी ओळीला 'दय'शी जुळणाऱ्या सम अक्षरावर संपावं लागेल.