आतड्यात आतडं शिरतं तेव्हा
आठ महिन्यांचं बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मिनिटभराने शांत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. घरात बेंबीवर हिंग लावला जातो. पण हा गॅस नसेलही. लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात, उलटलेल्या बाहीसारखं, शिरलेलं असू शकतं. आतल्या भागाच्या शिरा दबतात, आतडं सुजतं, रक्त आणि चिकट स्राव मिसळून जेलीसारखी लाल शी होते. ही खूण उशिरा दिसते, तिची वाट पाहूच नका. सोनोग्राफीत निदान होतं. लवकर पोहोचलं तर गुदद्वारातून दाबाने हवा किंवा सलाइन सोडून बहुतेकदा आतडं सुटतं. रक्तपुरवठा तुटून ते काळं पडलं, तर मात्र तेवढा तुकडा कापावा लागतो.