मंद केलेल्या गाण्याची मूळ लय

अमरावती-अकोल्याच्या प्रवासात मोबाइलवर वाजणारं एखादं गाणं ओळखीचं वाटतं, पण गायिकेचा आवाज पुरुषी आणि घुमणारा येतो. गाणं ओळखणारं ॲपही अडखळतं, कारण वेग बदलला की स्वरांची उंची आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर, दोन्ही बदलतात. अशा वेळी शब्दांची एक ओळ शोधून मूळ गाणं मिळवा. हार्मोनियमवर दोन्हींचा सा जुळवा. मंद गाणं चार पट्ट्या खाली असेल, तर वेग सुमारे १.२६ पट वाढवा. मिनिटाला ७६ ठोके असतील, तर मूळ लय ९६ निघते. एकूण लांबीवर विसंबू नका, शेवटचा घुमारा ती वाढवतो. वेग परत आणता येतो, पण मिसळलेला घुमारा पूर्ण निघत नाही.