आधी काय अडेल ते पाहा

सेमिस्टर संपत आलं की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा एक आठवडा असा येतो : बुधवारी गणिताची 20 गुणांची टेस्ट, गुरुवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या जर्नलचं सबमिशन आणि शुक्रवारी गटाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. बहुतेक जण रविवारी थेट गणित उघडून बसतात, कारण टेस्ट सगळ्यांत आधी आहे. पण कुठलं काम कधी द्यायचं आहे यापेक्षा कुठलं काम दुसऱ्यावाचून अडतं, हे आधी पाहायला हवं.

समजा, जर्नलमधल्या दोन प्रयोगांची रीडिंग्ज राहिली आहेत आणि लॅब मिळते फक्त मंगळवारी. ती संधी हुकली, तर बुधवारी रात्रभर जागूनही उपयोग नाही. शिवाय जर्नलवर सही नसेल तर टर्म वर्कचे गुण अडतात आणि ओरललाही बसता येत नाही. म्हणून रविवारीच त्या प्रयोगांची थिअरी लिहून ठेवावी. गटातल्या मित्रांना कामं वाटून देण्यासाठी सोमवारचा अर्धा तास काढावा. शुक्रवारचा रिपोर्ट असला तरी त्यांना त्यांचे दिवस मिळायला हवेत.

मग तासांचा हिशेब मांडावा. कॉलेज सांभाळून रोज संध्याकाळी 3 तास मिळत असतील, तर रविवार ते गुरुवार 15 तास होतात. अंदाजाने गणिताला 6, जर्नलला 3 आणि रिपोर्टला 3, म्हणजे 12 तास लागतील. वरवर पाहता सगळं बसतं. पण अंदाज फसतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या 1994 सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत पूर्ण होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात 55 हून अधिक दिवस लागले. म्हणून प्रत्येक अंदाज दीडपट धरावा. आता 18 तास होतात, म्हणजे 3 तास कमी पडतात.

हे तास झोपेतून काढू नयेत. कुठलं काम कमी करायचं ते रविवारीच ठरवावं. जर्नल अपुरं देता येत नाही आणि रिपोर्टवर गटातल्या इतरांचेही गुण अवलंबून आहेत. उरतं गणित. त्यातलं एक प्रकरण अजिबात वाचलेलं नाही. त्याला 4 तास लागतील आणि त्यावर साधारण 5 गुणांचा प्रश्न येईल. त्याची सूत्रं आणि एक सोडवलेलं उदाहरण तासाभरात पाहून पुढे जावं. 3 तास वाचतात आणि येणाऱ्या प्रकरणांची गणितं वही मिटून सोडवायला वेळ राहतो.

मंगळवारी रात्री घाबरून तेच प्रकरण पुन्हा उघडलं, तर नवं धड कळत नाही आणि येत असलेलंही कच्चं राहतं. काय सोडायचं हे रविवारी ठरवलं असेल, तर तो निर्णय बुधवारपर्यंत मोडू नका.